मे महिना स्वस्त, जुलै महाग

गेल्या जूनमध्ये पासबुक भरून आणलं आणि हिशेबाला बसलो, तेव्हा बारा महिन्यांत एकच रक्कम बारा वेळा गेलेली दिसली. धाकट्याच्या गेमच्या वर्गणीची ती रक्कम होती. गेल्या मे महिन्यात त्याने ती मागून घेतली होती, मी हो म्हटलं होतं आणि त्यानंतर आम्हा दोघांनाही तिची आठवण राहिली नव्हती. मी त्याला बोलावून नोंदी दाखवल्या.

"बाबा, त्यात शेकडो गेम आहेत," तो म्हणाला. "एकेक विकत घ्यायला गेलो तर लाखांत जाईल."

त्याची मोठी बहीण तिथेच अभ्यास करत बसली होती. तिने वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "शेकडो आहेत रे, पण तू खेळलास किती?"

तिचा प्रश्न नेमक्या ठिकाणी लागला. त्या रात्री आम्ही तिघांनी बसून वर्षभराचा हिशेब मांडला. वर्गणी घ्यावी की गेम विकत घ्यावा, हा प्रश्न आज अनेक घरांत आहे आणि त्याचं उत्तर बहुधा जाहिरातीतल्या आकड्यावरून ठरवलं जातं. ते ठरवायचं कसं, हे मला त्या रात्री मुलांबरोबर बसून कळलं, म्हणून हा लेख.

आधी दोन्ही पद्धती थोडक्यात सांगतो. विकत घेणं म्हणजे स्टीम, एपिक किंवा प्लेस्टेशन स्टोअरसारख्या दुकानातून एका गेमचे पैसे एकदाच भरायचे, किंवा बाजारातून डिस्क आणायची. वर्गणी म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची आणि त्या सेवेच्या यादीत असतील ते गेम हवे तितके उतरवून खेळायचे. वर्गणी थांबली की उतरवलेले गेम संगणकावर तसेच राहतात, पण उघडत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा गेम पास २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. सोनीने प्लेस्टेशन प्लसचे तीन स्तर २०२२ मध्ये केले. वरच्या दोन स्तरांत खेळायला मोठी यादी मिळते. वाचनालयाचा सभासद होणं आणि पुस्तक विकत घेणं यात जो फरक, तोच इथे. वाचनालयात किती हजार पुस्तकं आहेत यावर तुमची वर्गणी वसूल होत नाही. तुम्ही महिन्याला किती पुस्तकं वाचून परत करता, यावर होते.

आता आमचा हिशेब. सोयीसाठी रक्कम गोल करतो: वर्गणी महिना ५०० रुपये, म्हणजे वर्षाचे ६,००० रुपये. धाकट्याच्या खात्यात प्रत्येक गेम किती तास खेळला याची नोंद असते, ती आम्ही उघडली. वर्षात त्याने ३१ गेम उतरवले होते. त्यांतले १७ तासाभराच्या आत सोडून दिले होते. आणखी आठ त्याने काही वेळ खेळून अर्धवट टाकले होते. शेवटपर्यंत नेलेले गेम सहा. त्यात एक मोठा भूमिका-गेम होता, ज्यात एका पात्राला घेऊन मोठी कथा जगायची असते. एक नवाकोरा होता, जो बाजारात आला त्या दिवशीच यादीतही आला होता. बाकीचे चार लहान, प्रत्येकी आठ-दहा तासांत संपणारे.

धाकट्याने लगेच दुकानात या सहा गेमच्या किमती पाहायला सुरुवात केली. मोठा गेम ३,००० रुपये, नवा ३,५००, लहान चार मिळून साधारण ३,०००. "साडेनऊ हजार झाले!" तो म्हणाला. "वर्गणी सहा हजार. साडेतीन हजार वाचले."

इथे लेकीने त्याला थांबवलं, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. ती म्हणाली, "ही किंमत आपण दिली असती का?"

दिली नसती. आमच्या घरात तीन हजारांचा गेम कधीच आलेला नाही. संगणकावरचे गेम वर्षातून चार-पाच वेळा सेलमध्ये निघतात. स्टीमचे उन्हाळी आणि हिवाळी सेल तर खेळणाऱ्यांच्या पंचांगात सणांसारखे लिहिलेले असतात. दोन-तीन वर्षं जुना मोठा गेम छापील किमतीच्या निम्म्या-चतुर्थांश भावात मिळणं रोजचं आहे. 'द विचर ३' हा २०१५ चा गाजलेला गेम अनेक वर्षं पंचाहत्तर टक्के सवलतीत आणि कधीकधी त्याहून कमी भावात येतो आहे. म्हणून वर्गणीची तुलना छापील किमतीशी करायची नाही. तुम्ही वर्गणी नसती तर प्रत्यक्षात जी किंमत मोजली असती, तिच्याशी करायची. एखादा गेम आजवर सर्वांत कमी किती रुपयांना विकला गेला, हे `isthereanydeal.com` या संकेतस्थळावर दिसतं. आम्ही तिथले आकडे घेतले.

मोठ्या गेमचे ८०० रुपये निघाले. नव्या गेमला आम्ही वर्षभर थांबलो असतो आणि १,४०० च्या आसपास घेतला असता. लहान चारांचे मिळून १,२०० रुपये. एकूण ३,४००. समोर वर्गणीचे ६,०००. वर्गणीने आमचे २,६०० रुपये जास्त गेले होते.

धाकट्याला हे पटलं नाही, आणि त्याच्या म्हणण्यातही तथ्य होतं. नव्या गेमसाठी तो वर्षभर थांबला नसता, कारण त्याचे मित्र तो त्याच आठवड्यात खेळत होते. बरं, मग तो पूर्ण ३,५०० ला घेतला असं धरू. बेरीज ५,५०० होते. तरीही वर्गणी ५०० रुपयांनी महागच. मग त्याने दुसरा मुद्दा काढला: विकत घेताना चुका झाल्या असत्या, न आवडणारे दोन-तीन गेम उगाच आले असते. हेही खरं. पण स्टीमवर विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. तासाभरात सोडून दिलेले त्याचे ते १७ गेम या नियमातच बसले असते. तरी चुकांचे म्हणून मी ५०० रुपये जोडले. आता दोन्ही पारडी बरोबरीत आली, तीही नवा गेम पूर्ण भावात घेतला असं धरून.

इथवर येऊन आम्ही थांबलो असतो तर 'खरेदी थोडी स्वस्त' एवढंच हाती लागलं असतं. पण लेकीने तासांची नोंद महिन्यांप्रमाणे लावली, आणि चित्र पार बदललं.

लहान चार गेम आणि तो नवा गेम, हे पाचही त्याने दोनच महिन्यांत संपवले होते: मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत. या दोन महिन्यांची वर्गणी १,००० रुपये. तेच पाच गेम सेलच्या भावातही २,६०० ला पडले असते. म्हणजे या दोन महिन्यांत वर्गणीने १,६०० रुपये वाचवले. मोठा गेम मात्र त्याने जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, शाळा-क्लास सांभाळून, शनिवार-रविवारी दोन-दोन तास खेळला. चार महिन्यांचे २,००० रुपये भरून ८०० रुपयांचा गेम खेळला. आणि उरलेल्या सहा महिन्यांत परीक्षा होत्या. नवे गेम उतरवायचे, पंधरा मिनिटं पाहायचे आणि काढून टाकायचे, एवढंच झालं होतं. त्या सहा महिन्यांच्या ३,००० रुपयांतून एकही गेम पूर्ण झाला नाही.

दोन महिने वर्गणी घेतली असती आणि मोठा गेम सेलमध्ये विकत घेतला असता, तर वर्षाचा खर्च १,८०० रुपये झाला असता. सहाच्या सहा गेम तेच. फरक ४,२०० रुपयांचा.

म्हणून 'वर्गणी स्वस्त की खरेदी' हा प्रश्न मला आता चुकीचा वाटतो. वर्गणीचा दर महिन्याला ठरलेला असतो, पण तुमचे खेळायचे तास ठरलेले नसतात. त्यामुळे एकच वर्गणी मे महिन्यात स्वस्त आणि जुलैत महाग पडते. ज्या घरात शाळा-कॉलेजची मुलं आहेत, तिथे हा फरक फार मोठा असतो, कारण आपल्याकडे खेळायचा वेळ वर्षभर सारखा वाटलेला नसून दोन सुट्ट्यांत एकवटलेला असतो. नोकरी करणाऱ्या माणसाचंही असंच होतं. मार्चअखेर ज्याला डोकं वर काढायला फुरसत नसते, त्याने मार्चची वर्गणी भरणं म्हणजे गावाला जाताना रोजचं दूध चालू ठेवण्यासारखं आहे.

हे आधीच मोजता येतं. कोणता गेम साधारण किती तासांत संपतो याच्या खेळणाऱ्यांनी स्वतः दिलेल्या नोंदी `howlongtobeat.com` वर मिळतात. तो आकडा घ्या आणि आठवड्याला तुम्ही खरोखर किती तास खेळता त्याने भागा. 'द विचर ३' ची मुख्य कथा सुमारे पन्नास तासांची. आठवड्याला चार तास खेळणाऱ्याला तिला तीन महिने लागतील, म्हणजे आमच्या दराने १,५०० रुपये, आणि तेवढ्यात तो गेम सेलमध्ये विकत घेऊन पैसे उरतील. पण सुट्टीत रोज तीन तास खेळणाऱ्याचा तोच गेम अडीच आठवड्यांत संपेल. तेव्हा तो ५०० रुपयांत पडेल आणि उरलेल्या बारा दिवसांत आणखी एखादा लहान गेमही होईल. उलट 'हाय-फाय रश' सारखा दहा-अकरा तासांचा गेम निवांत खेळणाराही एका महिन्यात संपवतो. असे छोटे, एकदाच खेळायचे, कथेसाठी खेळायचे गेम वर्गणीला सर्वांत चांगले लागू पडतात. त्यांच्याकडे पुन्हा वळावंसं वाटत नाही, त्यामुळे ते आपल्याकडे राहिले नाहीत याचं दुःखही होत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला माझ्या लेकीचा आवडता 'स्टारड्यू व्हॅली' आहे. शेती करायची, गुरं पाळायची, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवायच्या, असा तो संथ गेम २०१६ मध्ये आला. तो तिने कॉलेजच्या पहिल्या वर्षी सेलमध्ये तीनशेच्या आसपास घेतला. ती तो सलग खेळत नाही. परीक्षा संपली की दोन दिवस, पावसाळ्यात एखादा रविवार, मग तीन महिने काहीच नाही. त्याच्या निर्मात्याने त्यात वेळोवेळी मोठी भर घातली आणि त्यासाठी जुन्या ग्राहकांकडून पैसे घेतले नाहीत. चार वर्षांत तिचे तीनशेच्या वर तास झाले आहेत. हा गेम वर्गणीवर ठेवायचा तर तिला तो हवा त्या दिवशी मिळावा म्हणून वर्षभर पैसे भरत राहावं लागलं असतं. ज्या गेमकडे माणूस पुन्हा पुन्हा परत येतो, तो विकत घ्यावा. यात मला शंका नाही.

खरेदीच्या बाजूचा आणखी एक फायदा फारसा कोणी हिशेबात धरत नाही. स्टीमवर २०२४ पासून एका घरातल्या सहा जणांपर्यंत कुटुंब-गट करता येतो आणि एकाने घेतलेले बहुतेक गेम इतरांना आपापल्या खात्यावरून खेळता येतात. एकाच वेळी तोच गेम दोघांना खेळायचा असेल तर मात्र दोन प्रती लागतात. लेकीचा 'स्टारड्यू व्हॅली' आता तिच्या आईच्या खात्यावरही चालतो. तीनशे रुपये दोघींत वाटले गेले.

वर्गणीतले काही खर्च नोंदीत दिसत नाहीत, त्यांचीही माहिती हवी.

पहिला म्हणजे गेम यादीतून जाणं. यादीतले बरेच गेम सेवेने भाड्याने आणलेले असतात. करार संपला की ते निघतात. साधारण दोन आठवडे आधी तशी सूचना लागते. 'जीटीए ५' गेम पासमध्ये एकाहून अधिक वेळा आला आणि गेला आहे. शंभर तासांचा गेम सावकाश खेळणाऱ्याला ऐंशीव्या तासाला ही सूचना आली, तर तो गेम विकत घेतो. म्हणजे वर्गणी आणि किंमत दोन्ही भरतो. सभासदांना अशा वेळी थोडी सवलत मिळते, पण ती सेलच्या भावाइतकी क्वचितच असते. सेवेच्या मालकाचाच गेम असेल तर तो कायम राहील, असंही गृहीत धरू नका. 'फोर्झा होरायझन ४' हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा गेम. त्यातल्या गाड्या आणि इतर सामग्रीच्या परवान्यांची मुदत संपत आल्यामुळे १५ डिसेंबर २०२४ ला तो दुकानातून आणि गेम पासमधून काढला गेला. ज्यांनी तो विकत घेतला होता, ते आजही खेळू शकतात.

दुसरा खर्च जोडगेमचा. मूळ गेम यादीत असतो, पण त्याचे पुढचे भाग, नवे प्रदेश, नवी कथा हे बहुधा वेगळे विकत घ्यावे लागतात. वर्गणीवरच्या गेमसाठी असा भाग विकत घेतला आणि वर्गणी बंद केली, तर मूळ गेम नसल्यामुळे विकत घेतलेला भागही उघडत नाही. ज्या गेमचे जोडभाग घ्यावेसे वाटू लागले, तो मूळ गेम आता विकत घ्यायची वेळ झाली असं समजावं.

तिसरी गोष्ट आमच्या घरात घडली. धाकट्याने मोठा गेम नव्वद तास खेळल्यावर तो सेलमध्ये दुसऱ्या दुकानातून घेतला. पण वर्गणीच्या आवृत्तीतली त्याची साठवलेली प्रगती तिकडे नेताच आली नाही. संगणकावर दोन दुकानांच्या आवृत्त्यांची साठवण बहुतेक वेळा वेगळी असते. पात्र, हत्यारं, घर, सगळं पहिल्यापासून. काही गेम कंपनीच्या स्वतःच्या खात्याद्वारे प्रगती इकडून तिकडे नेऊ देतात, पण ते आधी तपासावं लागतं. एखादा गेम शेवटी विकत घ्यावा लागेल असं वाटत असेल, तर दहाव्या तासाला घ्यावा. नव्वदाव्या तासाला घेतला की पैशांपेक्षा जास्त काही वाया जातं, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं.

चौथा खर्च दरवाढीचा. वर्गणी घेताना आजचा दर पाहून वर्षाचा हिशेब केला जातो. गेम पासचा सर्वांत वरचा स्तर अमेरिकेत २०१९ मध्ये महिना १४.९९ डॉलरला सुरू झाला. २०२३ आणि २०२४ मध्ये तो वाढला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २९.९९ डॉलर झाला. सहा वर्षांत दुप्पट. भारतातले दरही त्याच वेळी वाढले. ही वाढ समजण्यासारखी आहे, कारण 'कॉल ऑफ ड्यूटी' सारखे महागडे गेम २०२४ मध्ये पहिल्याच दिवशी यादीत येऊ लागले, आणि त्यांचा खर्च कुठून तरी भरून निघायलाच हवा. पण 'कॉल ऑफ ड्यूटी' न खेळणाऱ्या सभासदालाही ती वाढ भरावी लागली. विकत घेतलेल्या गेमची किंमत नंतर वाढत नाही.

तरी खरेदी म्हणजे कायमची मालकी, असंही नाही. ऑनलाइन दुकानातून आपण घेतो तो वापरण्याचा परवाना असतो. २०२५ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. यूबीसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहायचा. ३१ मार्च २०२४ ला ते सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण पैसे भरून घेतलेल्यांच्याही हातून गेम गेला. म्हणून विकत घेण्यापूर्वी एकट्याने खेळायचा भाग इंटरनेटशिवाय चालतो का, हे बघून घ्यावं. जीओजी या दुकानातले गेम कुलूप न लावता मिळतात. तिथली स्थापनेची फाइल हार्ड डिस्कवर जपून ठेवली की दुकान राहो न राहो, गेम चालतो. टिकाऊपणाच्या दृष्टीने मला ती खरेदी सर्वांत समाधानाची वाटते.

कन्सोलवाल्यांसाठी हिशेब थोडा वेगळा आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर विकतचा गेम इंटरनेटवरून इतरांबरोबर खेळायचा असेल तर वर्गणीचा किमान खालचा स्तर घ्यावाच लागतो. फुकट मिळणाऱ्या गेमना हा नियम नाही. ज्याला रोज मित्रांबरोबर फुटबॉल खेळायचं आहे, त्याच्यासाठी खालच्या स्तराचे पैसे ठरलेलेच आहेत. त्याने फक्त खालच्या आणि यादीवाल्या स्तरांमधला फरक मोजायचा आणि त्या फरकात यादीतले गेम परवडतात का, ते पाहायचं. अशा माणसाला मोठी यादी अनेकदा खरंच स्वस्त पडते. दोन, डिस्क परत विकता येते. पाच हजारांची नवी डिस्क तीन आठवड्यांत संपवून साडेतीन हजारांना विकली, तर खर्च दीड हजार. गेम जितका नवा तितका परतीचा भाव चांगला, म्हणून लवकर संपवणाऱ्यालाच हे जमतं. डिस्कचा खाचा नसलेलं कन्सोल घेणाऱ्याच्या हातून हा मार्ग पहिल्याच दिवशी जातो. कन्सोल घेताना वाचवलेले पैसे त्यात कधी निघून जातात, हे लवकर लक्षात येत नाही.

इंटरनेटचाही विचार करावा. आजचे मोठे गेम पन्नास ते शंभर जीबीचे असतात. घरात फायबर असेल तर पाच गेम उतरवून चार काढून टाकणं सहज जमतं, आणि वर्गणीची खरी मजा तिथेच आहे. पण ज्याचं सगळं मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर चालतं, त्याला एक गेम उतरवायलाच महिना जाईल. त्याने वर्गणीच्या वाटेला जाऊ नये.

आता वर्गणी हुशारीने वापरायची कशी, ते. बहुतेक सेवांत वर्गणी भरल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करता येतं, आणि तरी भरलेला महिना पूर्ण वापरता येतो. ते त्याच दिवशी करावं. तारीख लक्षात ठेवून शेवटच्या दिवशी बंद करू, असं म्हणणारे आम्ही वर्षभर बंद करू शकलो नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप कापल्या जाणाऱ्या अशा रकमेचा संदेश किमान चोवीस तास आधी ग्राहकाला येतो. तो संदेश मला बाराही वेळा आला होता. बँकेच्या इतर संदेशांत तो मी वाचलाच नाही. आता तो आला की मी घरात विचारतो, "पुढच्या महिन्यात काय खेळणार आहेस?" गेमचं नाव सांगता आलं तर वर्गणी चालू. "बघू काहीतरी," असं उत्तर आलं तर बंद.

आणि सुट्टी लागण्याआधी यादी करावी. यादीतले कोणते चार-पाच गेम या महिन्यात संपवायचे, ते तासांसकट कागदावर लिहावं. कागदाशिवाय घेतलेला वर्गणीचा महिना नवे गेम उतरवण्यातच जातो, हे आमच्या त्या १७ गेमनी दाखवलं. जो गेम कागदावर बसत नाही, म्हणजे फार मोठा आहे, पुन्हा पुन्हा खेळण्यासारखा आहे किंवा त्याचे जोडभाग खुणावत आहेत, तो इच्छायादीत टाकून सेलची वाट पाहावी. एपिकच्या दुकानात दर आठवड्याला एखादा गेम फुकट मिळतो आणि घेतला की खात्यात राहतो. धाकटा आता गुरुवारी रात्री तो न विसरता घेतो.

यंदा त्याने मे महिन्याची वर्गणी एक तारखेला भरली आणि नूतनीकरण त्याच संध्याकाळी माझ्यासमोर बंद केलं. कागदावर पाच गेम होते, त्यातले चार संपले. पाचवा त्याला इतका आवडला की तो आता इच्छायादीत आहे, आणि उन्हाळी सेलमध्ये तो साडेचारशेच्या खाली आला की आम्ही घेणार आहोत.